सलग निर्धाव चेंडू पडले की विकेट खरंच जवळ येते का?

मधली_यष्टी

सामना कुठलाही असो, तीन चेंडू निर्धाव गेले की समालोचक बोलतोच, "प्रेशर वाढतंय, विकेट येणार." आणि विकेट आली की, "बघा, मागच्या डॉट्सनी घेतली ही विकेट." मला हे तपासून पाहायचंय. फलंदाजावर ताण येतो की नाही, हा माझा प्रश्न नाही. तो येतोच. प्रश्न इतकाच आहे की, मागचे तीन चेंडू निर्धाव गेले म्हणून पुढच्या चेंडूवर बाद होण्याची शक्यता वाढते का.

एक उदाहरण घेऊ, सगळ्यांनी पाहिलेलं. २९ जून २०२४, ब्रिजटाउन, टी-२० विश्वचषकाची फायनल. पंधराव्या षटकात अक्षरला २४ धावा पडल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. सोळाव्यात बुमराने फक्त ४ दिल्या. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकचा ऑफस्टंपच्या बाहेरचा हळू चेंडू मारायला जाऊन क्लासेन यष्टीमागे झेल देऊन गेला, २७ चेंडूंत ५२ करून. सगळे म्हणतात, बुमराच्या षटकाने ती विकेट काढली.

पण हिशोब बघा. बुमराच्या षटकाआधी षटकामागे ६ धावा हव्या होत्या, नंतर २४ चेंडूंत २६, म्हणजे साडेसहा. अर्ध्या धावेचा फरक. क्लासेन ज्या लयीत होता त्यात हा फरक त्याला जाणवला तरी असेल का? मग त्या विकेटचं श्रेय आधीच्या षटकाला कशाच्या आधारावर द्यायचं? जाणकारांनी लिहावं.

राजापूरकर

मी गावाकडच्या टेनिस बॉल टूर्नामेंट खेळतो, त्यावरून सांगतो. आठ षटकांची मॅच असते. दोन चेंडू कोरे गेले की बाउंड्रीवरून आपलीच पोरं ओरडायला लागतात, "काढ रे, काढ!" तिसरा चेंडू कसाही येऊ दे, बॅट फिरतेच. गेल्या मोसमात मी असाच तीनदा लाँग ऑनला झेल देऊन आलो. चेंडूत काही नव्हतं, हाफ व्हॉलीच होता एक. शांतपणे खेळलो असतो तर चार गेले असते. त्यामुळे विकेट डॉटमुळेच जाते, यात मला शंका नाही.

स्लिपमधला

राजापूरकर, तुम्ही सांगता ते खोटं नाही, पण मोजायची दिशा उलटी आहे. तुम्ही विकेटवर उभे राहून मागे पाहताय. टी-२० मध्ये तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चेंडू निर्धावच असतात. तेव्हा कुठल्याही विकेटच्या आधी एक-दोन डॉट सापडणारच. मोजायचं असेल तर डॉटवर उभं राहून पुढे पाहायला हवं. तीन डॉट झाले आणि चौथ्यावर एकेरी धाव निघाली, तीन डॉट झाले आणि चौथा सीमापार गेला, असे प्रसंग कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मोजताना मात्र तेही धरावे लागतात.

तसं पुढे पाहून मोजलं, तरी एक मोठी अडचण उरते. कागदावर करून दाखवतो. आकडे मी सोयीसाठी धरलेत, कुठल्या सामन्यातले नाहीत.

समजा दोनच प्रकारचे गोलंदाज आहेत आणि दोघेही सारखेच चेंडू टाकतात. कडक गोलंदाजाचे १०० पैकी ६० चेंडू निर्धाव जातात आणि ६ चेंडूंवर विकेट मिळते. साध्याचे ३० निर्धाव जातात आणि ४ वर विकेट मिळते. आणि समजा, दडपण नावाची गोष्ट या जगात नाहीच. प्रत्येक चेंडू मागचं सगळं विसरून पडतो.

सगळे चेंडू एकत्र घेतले तर विकेटची शक्यता ५ टक्के. आता फक्त एका डॉटनंतरचे चेंडू घ्या. डॉट पडला म्हणजे समोर कडक गोलंदाज असण्याची शक्यता दोन तृतीयांश झाली, त्यामुळे आकडा ५.३ वर जातो. दोन डॉटनंतर कडक असण्याची शक्यता ८० टक्के, आकडा ५.६. तीन डॉटनंतर ८९ टक्के, आकडा ५.८ च्या जवळ.

हे आकडे ओळीने मांडा: ५, ५.३, ५.६, ५.८. टीव्हीवर हा आलेख दाखवून 'डॉट बॉल प्रेशर' असं शीर्षक दिलं तर कुणीही मान डोलावेल. पण यात दडपण शून्य आहे, मीच काढून टाकलंय. डॉटनी विकेट आणली नाही. चांगला गोलंदाज डॉटही टाकतो आणि विकेटही घेतो, एवढंच त्यात आहे. गोलंदाजाच्या जागी खेळपट्टी ठेवा, ढगाळ हवा ठेवा, नवा चेंडू ठेवा, गणित तेच.

पॉवरप्ले_पक्या

म्हणजे शेवटी सिद्ध झालंच की हे सगळं थोतांड आहे. नाणेफेकीत तीनदा छापा आला म्हणून चौथ्यांदा काटा येण्याची शक्यता वाढत नाही, तसंच. प्रत्येक चेंडू स्वतंत्र. समालोचकांना वेळ भरायचा असतो.

स्लिपमधला

पक्या, अर्धं बरोबर. दडपण नसतानाही आलेख वर जाऊ शकतो, एवढंच मी दाखवलं. त्यावरून दडपण नसतंच असं निघत नाही. आणि नाण्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही. नाण्याला मागचा छापा आठवत नाही, फलंदाजाला मागचे तीन चेंडू आठवतात आणि तो त्यावरून पुढचा फटका ठरवतो. राजापूरकरांची हाफ व्हॉलीवरची विकेट त्यातलीच.

जुना_स्कोअरर

या चर्चेत बापू नाडकर्णींचं नाव अजून आलं नाही याचं नवल वाटलं. आपल्या नाशिकचे बापू. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. त्यात सलग २१ षटकं निर्धाव, आणि लागूनचे चेंडू धरून सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. समोर बोलस आणि बॅरिंग्टन. आणि विकेट? शून्य. सलग डॉटनी विकेट पडत असती तर त्या दिवशी बापूंना निम्मा संघ मिळायला हवा होता.

नेटमध्ये ते टप्प्यावर नाणं ठेवून गोलंदाजी करायचे असं सांगतात. त्यांची कसोटीतली सरासरी षटकामागे १.६७ धावांची. पण त्या इंग्लिश जोडीला धावांची घाईच नव्हती. समोरच्याला जे नकोच आहे ते रोखून दडपण कसं येणार?

२०१८ मध्ये जोहान्सबर्गला पुजाराने ५४ व्या चेंडूवर पहिली धाव काढली. त्याआधीचे ५३ निर्धाव. त्या चेंडूंवर तो बाद झाला नाही, पुढे ५० करून गेला, आणि त्या खेळपट्टीवर ते ५० फार मोलाचे होते. कसोटीत चारातले जवळपास तीन चेंडू निर्धावच असतात. तिथे डॉट ही नेहमीची स्थिती आहे.

बेलापूरची_ऑफस्पिनर

काका, मद्रासच्या त्याच डावात दुसरी गोष्टही आहे ना? चंदू बोर्डेंनी ८८ धावांत ५ बळी घेतले. एका टोकाला बापू धाव देत नव्हते, म्हणून दुसऱ्या टोकाला लेगस्पिनवर हात फिरवावासा वाटला असेल. आम्ही क्लबमध्ये हेच शिकलो की विकेट जोडीने घ्यायची असते. घट्ट टाकणारीच्या नावावर ती लागेलच असं नाही.

जुना_स्कोअरर

मुद्दा चांगला आहे, ताई. पण बोर्डेंचे पाचही बळी बापूंच्या त्या पट्ट्यात पडले असं समजू नका. डावात इंग्लंडच्या ३१७ झाल्या, बापूंचा तो सलग पट्टा डावाचा एक भाग होता. बोर्डेंच्या बळींचं श्रेय बापूंना द्यायचं तर प्रत्येक बळी केव्हा पडला आणि तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण होतं, हे बघावं लागेल.

मात्र यातून एक गोष्ट नक्की करून घ्यायला हवी. सलग डॉट म्हणजे कुणाचे सलग? एका गोलंदाजाचे? एकाच फलंदाजाने खेळलेले? की दोन्ही टोकांचे मिळून, संघाचे? स्कोअरबुकात तिन्ही वेगवेगळे दिसतात. गोलंदाजाच्या चौकटीत सहा टिंबं जोडून आपण M काढतो, पण त्यातली तीन एका फलंदाजाची आणि तीन दुसऱ्याची असू शकतात, मध्ये लेग बाय गेलेला असेल तर. गोलंदाजाचं षटक निर्धाव, संघाला मात्र एक धाव मिळाली आणि स्ट्राइकही बदलली. मग दडपण मोडलं की राहिलं?

हिरवळ

डॉट बॉलचा विषय निघालाय म्हणून सांगते, आयपीएलच्या प्लेऑफमध्ये २०२३ पासून प्रत्येक डॉट बॉलमागे ५०० झाडं लावायची घोषणा बीसीसीआयने केली होती. स्क्रीनवर टिंबाऐवजी हिरवं झाड दिसायचं. त्यामुळे गोलंदाजांना डॉट टाकायला जास्त प्रोत्साहन मिळालं असेल का? विकेट वाढल्या का मग?

मधली_यष्टी

हिरवळ ताई, उपक्रम छानच आहे, पण झाडांसाठी कुणी वेगळा चेंडू टाकत नसावं. इथला प्रश्न डॉटनंतरच्या चेंडूचा आहे.

स्लिपमधला, मला हे सांगा की चांगला गोलंदाज आणि खरं दडपण, हे दोन वेगळे काढायचे कसे? आणि क्लासेनचं काय?

स्लिपमधला

पूर्ण वेगळे काढता येत नाहीत, पण बरंचसं धुकं हटवता येतं.

गोलंदाजापेक्षाही मोठा घोटाळा नवा फलंदाज करतो. विकेट पडली की नवा येतो. तो पहिले काही चेंडू बघून खेळतो, म्हणजे डॉट जास्त. आणि नवा फलंदाज जम बसलेल्यापेक्षा सहज बाद होतो, हे तर सगळ्याच प्रकारच्या क्रिकेटमध्ये दिसतं. म्हणजे डॉटही जास्त, विकेटही जास्त, आणि दोन्हींचं कारण एकच, तो नवा आहे. हे न गाळता मोजलं तर 'डॉटमुळे विकेट' असं ठसठशीत दिसणारच. म्हणून मोजताना पहिले दहा चेंडू खेळून झालेलेच फलंदाज घ्यावेत.

दुसरं, सामन्याचा टप्पा एकच ठेवावा. पॉवरप्ले आणि शेवटची षटकं मिसळली की पुन्हा तोच घोळ.

Cricsheet वर चेंडूगणिक माहिती फुकट मिळते. त्यांच्या CSV वर टी-२० साठी एवढं पुरतं:

```python
import pandas as pd
d = pd.read_csv("ball_by_ball.csv")
d = d[d["wides"].fillna(0) == 0].copy()
d["dot"] = (d["runs_off_bat"] == 0).astype(int)
g = d.groupby(["match_id", "innings", "striker"])
d["face"] = g.cumcount() + 1
d["p3"] = g["dot"].transform(lambda s: s.shift(1).rolling(3).sum())
d["out"] = (d["player_dismissed"] == d["striker"]) & (d["wicket_type"] != "run out")
d["four6"] = d["runs_off_bat"] >= 4
x = d[(d["face"] > 10) & d["ball"].astype(int).between(6, 14)]
print(x.groupby("p3")[["out", "four6"]].mean())
print(x.groupby("p3").size())
```

`p3` म्हणजे त्याच फलंदाजाने खेळलेल्या मागच्या तीन चेंडूंपैकी किती निर्धाव होते. सातव्या ते पंधराव्या षटकांपुरतंच घेतलंय. यात गोलंदाज अजून मिसळलेले आहेत, ते वेगळे काढायला प्रत्येक गोलंदाजाची तुलना त्याच्या स्वतःशीच करावी लागेल.

`four6` मुद्दाम ठेवलंय. फलंदाजाने डॉटनंतर हात मोकळा केला तर विकेट आणि चौकार-षटकार दोन्ही वाढायला हवेत. दोन्ही वाढले तर त्याला मी जोखीम घेणं म्हणेन. विकेट वाढली आणि चौकार मात्र वाढले नाहीत, तरच खरं दडपण, कारण तेव्हा फटकाच बिघडतोय.

क्लासेनबद्दल: आवश्यक धावगतीने त्याला ढकललं नाही, यात तुमच्याशी सहमत. पण बुमराचं एक षटक अजून शिल्लक होतं. बुमराला सांभाळायचं आणि बाकीच्यांवर काढायच्या, हा कुठल्याही फलंदाजाचा सरळ हिशोब. तसं असेल तर सतराव्या षटकात हार्दिकवर जाणं हा घाबरून घेतलेला निर्णय नव्हता, तो योग्य निर्णय होता, फक्त चेंडू हळू आणि बाहेर पडला. डॉटनी विकेट काढली म्हणण्यापेक्षा, मागे उरलेल्या चांगल्या षटकाने फलंदाजाचं लक्ष्य बदललं असं मी म्हणेन. एका विकेटवरून हे सिद्ध करता येत नाही, तेही खरं.

पॉवरप्ले_पक्या

त्यानंतरचं बघा की. सतरावं षटक संपलं तेव्हा १८ चेंडूंत २२, बुमराने अठराव्यात २ धावा देऊन यान्सनचा त्रिफळा काढला तेव्हा १२ चेंडूंत २०. एकोणिसाव्यात अर्शदीपच्या ४, मग ६ चेंडूंत १६. आणि विसाव्याच्या पहिल्याच चेंडूवर मिलर, सूर्याचा तो सीमारेषेवरचा झेल. इथे धावगती सहावरून सोळावर गेली. मिलरकडे मारण्याशिवाय पर्यायच नव्हता. हे दडपण मी मानतो. पण ते तीन डॉटचं नाही, चार षटकांचं साचलेलं आहे.

बेलापूरची_ऑफस्पिनर

मला वाटतं तुम्ही सगळे फलंदाजाच्या डोक्यातच शिरलाय. गोलंदाजाच्या बाजूने बघा, तिथे डॉटमुळे विकेट मिळते आणि त्याचा घाबरण्याशी काही संबंध नसतो.

उजव्या हाताची फलंदाज आहे, मी ऑफस्पिन टाकतेय. ती दर षटकात मिडविकेटला हलकेच ढकलून एक काढते. एक निघाली की समोर दुसरी येते, कधी डावरी, आणि माझी सगळी रेषा बदलते. आता कप्तानाने मिडविकेट आत घेतली, एकेरी बंद. तीच फलंदाज सलग चार चेंडू माझ्यासमोर. पहिला सरळ, दुसरा तसाच, तिसरा किंचित हळू. ती कुठे पाय टाकते, स्वीपला कधी वाकते, हे मला तीन चेंडूंत कळतं. चौथा मी बाहेर आणि उंच सोडते, ती मिडऑनवरून मारायला येते आणि वरची कड लागते. इथे विकेटची शक्यता खरंच वाढली, आणि डॉटमुळेच वाढली. कारण एकच फलंदाज समोर राहिली आणि मला रचना करता आली.

म्हणून स्ट्राइक बदलत राहणारी जोडी आम्हाला चौकार मारणाऱ्या फलंदाजापेक्षा जास्त त्रास देते.

स्लिपमधला

हे फार महत्त्वाचं आहे आणि मोजताही येतं. मागचे तिन्ही डॉट त्याच गोलंदाजाचे होते असे चेंडू एका बाजूला, आणि मध्ये षटक संपून गोलंदाज बदलला असे दुसऱ्या बाजूला. फलंदाज दोन्हींत तोच, मागचे तीन चेंडू निर्धाव हेही तेच. ताण फलंदाजाच्या डोक्यात असेल तर दोन्हीकडे विकेटचं प्रमाण जवळपास सारखं यावं. ताईंची रचना खरी असेल तर पहिल्या गटात जास्त यावं.

राजापूरकर

आणि रनआउट? वरच्या कोडमध्ये ते काढून टाकलेत. आमच्याकडे तर डॉटनंतर सगळ्यात जास्त रनआउटच होतात. नसलेली एक चोरायला जातात, आणि बहुतेक वेळा पलीकडचाच मरतो.

स्लिपमधला

बरोबर हरकत आहे. मी काढले, कारण बाद होणारा बरेचदा नॉन-स्ट्रायकर असतो आणि डॉट त्याने खेळलेले नसतात. पण दडपणाचा परिणाम मोजायचा तर रनआउट हा त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ठरू शकतो. कारण चांगल्या चेंडूमुळे क्वचितच कुणी रनआउट होतं, म्हणजे कडक गोलंदाजाचा घोळ तिथे फारसा येत नाही. संघाचे सलग डॉट धरून रनआउट वेगळे मोजायला हवेत.

एक सावधगिरी. विकेटची शक्यता ५ टक्के की ६, हा फरक खात्रीने ओळखायचा तर दोन्ही गटांत साधारण आठ-आठ हजार चेंडू लागतात. कुठल्याही एका फलंदाजाच्या टी-२० कारकिर्दीत तीन डॉटनंतरचे इतके चेंडू निघणार नाहीत. त्यामुळे 'अमुक खेळाडू डॉट पडले की ढेपाळतो' असा आकडा कुणी दाखवला तर आधी खालची चेंडूंची संख्या विचारा. रनआउट तर त्याहून दुर्मीळ, तिथे अख्ख्या लीगचे अनेक मोसम एकत्र करावे लागतील.

मधली_यष्टी

मी या शनिवारी कोड चालवून बघतो. आधी टी-२०, मग एकदिवसीय. गोलंदाज बदललेले आणि न बदललेले असे दोन गट ताईंच्या मुद्द्यासाठी वेगळे करतो. कसोटीचा मात्र कसा विचार करायचा? तिथे फलंदाजाला धावा हव्या होत्या की वेळ काढायचा होता, हे चेंडूच्या माहितीत लिहिलेलं नसतं.

जुना_स्कोअरर

चौथ्या डावाचे शेवटचे दिवस वेगळे काढा, सामना वाचवणारे आणि पाठलाग करणारे. सिडनीला जानेवारी २०२१ मध्ये विहारीने १६१ चेंडूंत २३ आणि अश्विनने १२८ चेंडूंत ३९ केल्या, दोघेही नाबाद. त्या डावातले डॉट आणि पाठलागातले डॉट एका ढिगात टाकू नका.

आणि लेग बायचं आधी ठरवा. तुमच्या कोडमध्ये `runs_off_bat` शून्य म्हणून तो डॉट धरला जातोय, पण स्ट्राइक बदलल्यावर तो फलंदाज पलीकडे गेलेला असतो, पुढचा चेंडू दुसराच खेळतो. माझ्या मते फलंदाजाची साखळी तिथे तोडावी. स्लिपमधला, तुमचं काय मत?

स्लिपमधला

फलंदाजाची तोडावी, गोलंदाजाची तोडू नये. नो-बॉलचं अजून ठरवायचंय. टी-२० आणि एकदिवसीयमध्ये पुढच्या चेंडूला फ्री हिट असल्याने तिथे झेल किंवा त्रिफळा गेला तरी बाद देत नाहीत, तेव्हा ते चेंडू दोन्हीकडून वगळणंच सोयीचं पडेल.